चान्सेनकार्टे की वर्किंग हॉलिडे: राजीनामा देण्याआधी काय तपासावे

प्रश्न: मी २०२३ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून मेकॅनिकल बी.ई. झाले, वय २५. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तीन वर्षे होत आली, त्यातले पहिले वर्ष ग्रॅज्युएट अप्रेंटिस म्हणून. जर्मन ए१ झाले आहे. तिथे जाऊन नोकरी शोधण्यासाठी मिळणारे जर्मनीचे चान्सेनकार्टे घ्यावे, की ऑस्ट्रेलिया-यूकेच्या वर्किंग हॉलिडेच्या लॉटरीत नाव टाकावे? तिथे पार्टटाइम काम करून खर्च निघेल का? आणि इथली नोकरी कधी सोडावी?

उत्तर:

पुण्यात जर्मनीच्या नोकरी आणि व्हिसाच्या फायली तयार करून देण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. माझ्याकडे येणारी बहुतेक मुले-मुली पहिला प्रश्न विचारतात तो व्हिसा मिळेल का, हा. माझ्या मते त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे. हे सगळे व्हिसे ठरावीक मुदतीचे असतात आणि ती मुदत संपण्याआधी तुम्हाला त्यावरून दुसऱ्या, कायम नोकरीच्या परवान्यावर जावे लागते. तो पुढचा परवाना तुम्हाला कोणत्या अटींवर मिळणार आहे, हे आजच कागदावर मांडता आले, तरच आधीच्या व्हिसासाठी नोकरी सोडण्यात आणि घरचे पैसे गुंतवण्यात अर्थ आहे. म्हणून मी उत्तर त्या टोकापासून देते.

लॉटरीचा भाग आधी उरकते, कारण त्याचा निर्णय सोपा आहे. ऑस्ट्रेलियाचा ४६२ क्रमांकाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा भारतीयांना २०२४ पासून खुला झाला. वर्षाला १,००० जागा, वय १८ ते ३०, निवड सोडतीने, आणि सोडतीत नाव घालण्याचे शुल्क २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. राहण्याची मुदत एक वर्ष आहे. काम पूर्णवेळ करता येते, परंतु साधारणपणे एका मालकाकडे सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ राहता येत नाही, आणि ही अटच त्या व्हिसाचा स्वभाव सांगते. तो फिरता फिरता खर्च भागवण्यासाठी आहे. ठरावीक भागांत ठरावीक प्रकारचे काम तीन महिने केले तर दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. पण ते काम म्हणजे बहुतेकदा शेती, बांधकाम, पर्यटन अशा क्षेत्रांतले, तुमच्या ड्रॉइंग बोर्डाशी त्याचा संबंध नाही.

यूकेची इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम तुमच्यासारख्या पदवीधराला जास्त उपयोगी आहे. तिथे दोन वर्षे राहता येते, जवळजवळ कोणतीही नोकरी पूर्णवेळ करता येते, पदवी आवश्यक असते आणि खात्यात २,५३० पौंड दाखवावे लागतात. सोडतीत नाव टाकायला पैसे पडत नाहीत. तेव्हा सोडत उघडली की नाव जरूर टाका. निघाले तर तेव्हा विचार करता येईल. मात्र हा व्हिसा वाढवून मिळत नाही, आणि तिथे पुढे टिकायचे तर स्किल्ड वर्कर व्हिसासाठी प्रायोजक कंपनी आणि २०२५ मध्ये वाढवलेली ४१,७०० पौंडांची साधारण पगारमर्यादा गाठावी लागते. थोडक्यात, सोडतीवर आयुष्याचे वेळापत्रक बांधू नका. बांधायचेच असेल तर ज्याच्या अटी तुमच्या हातात आहेत त्यावर बांधा, आणि ते सध्या चान्सेनकार्टे आहे.

चान्सेनकार्टे १ जून २०२४ पासून सुरू झाले. ते नोकरी शोधण्यासाठी जास्तीत जास्त एक वर्षाचे असते आणि ते मिळवायच्या दोन वाटा आहेत. बहुतेक जाहिरातींत दुसरीच वाट सांगितली जाते, म्हणून दोन्ही नीट समजून घ्या. पहिली वाट अशी, की तुमची पदवी जर्मनीत पूर्णपणे समकक्ष मानली गेली असेल, तर तुम्ही कायद्याच्या भाषेत आधीच कुशल कामगार ठरता आणि तुम्हाला गुण मोजण्याची गरजच उरत नाही. राहण्याच्या खर्चाची तजवीज दाखवली की झाले. दुसरी वाट गुणांची. त्यासाठी पदवी किंवा किमान दोन वर्षांचे व्यावसायिक प्रशिक्षण भारतात शासनमान्य असले पाहिजे, जर्मन ए१ किंवा इंग्रजी बी२ असले पाहिजे, आणि त्यावर किमान सहा गुण मिळाले पाहिजेत.

तुमची पदवी कोणत्या वाटेत बसते, हे पाहण्यासाठी अॅनाबिन नावाचा जर्मन सरकारी माहितीसंच आहे. तो संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो आणि त्यात दोन स्वतंत्र नोंदी तपासायच्या असतात. एक नोंद संस्थेची: तिथे H+ अशी खूण असावी लागते. इथे महाविद्यालयाचे नाव शोधत बसू नका, कारण तुमच्या प्रमाणपत्रावर पदवी देणारे म्हणून विद्यापीठाचे नाव आहे, तेच शोधायचे. दुसरी नोंद पदवीची: बॅचलर ऑफ इंजिनिअरिंग या पदवीपुढे entspricht किंवा gleichwertig यांपैकी एक शब्द असावा लागतो. या दोन्ही नोंदी जुळल्या तर त्यांची छापील प्रत अर्जाला जोडता येते आणि बहुधा वेगळे मूल्यांकन लागत नाही. संस्थेची नोंद मिळाली पण पदवीचे नाव, कालावधी किंवा शाखा तंतोतंत जुळत नसेल, तर बॉन येथील ज्या केंद्रीय कार्यालयाकडून परदेशी पदव्यांचे मूल्यांकन होते, त्याच्याकडून पदवीचे लेखी मूल्यांकन मागवायचे. त्याचे शुल्क सुमारे २०० युरो आहे. चार वर्षांच्या बी.ई.ला इथे फारशी अडचण येत नाही. तीन वर्षांच्या बी.एस्सी., बी.कॉम.वाल्यांनी मात्र नोंद दोनदा वाचावी.

आता हे मूल्यांकन एवढे का ताणते, ते सांगते. कोल्हापूरकडचा एक मुलगा तीन वर्षांची बी.एस्सी. आणि औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागातला अनुभव यांच्या जोरावर गुणांच्या वाटेने गेला होता. गुण भरपूर होते, म्हणून मूल्यांकनावर पैसे कशाला घालवायचे, असे त्याने ठरवले. नवव्या महिन्याच्या सुमारास लाइपझिगजवळच्या एका प्रयोगशाळेने त्याला नोकरी देऊ केली. त्यानंतर त्याला कळले, की युरोपियन ब्लू कार्ड आणि पदवीधर कुशल कामगाराचा परवाना या नोकरीच्या दोन्ही परवान्यांना समकक्ष पदवीच लागते, आणि त्याच्या पदवीबाबत तसा कोणताही कागद त्याच्याकडे नाही. पदवीच्या समकक्षतेशिवाय अनुभवाच्या जोरावर मिळणारा एक परवाना आहे, परंतु त्यासाठी ठरावीक किमान पगार लागतो आणि त्या छोट्या प्रयोगशाळेचा पगार तितका नव्हता. शेवटी चान्सेनकार्टेचीच पुढची आवृत्ती त्याच्या कामी आली: शोधाचे वर्ष संपताना कुशल नोकरीचा करार हातात असेल, पण दुसरा कोणताही परवाना बसत नसेल, तर रोजगार खात्याच्या संमतीने दोन वर्षांपर्यंतचे वाढीव कार्ड मिळू शकते. त्या काळात त्याने मूल्यांकन पूर्ण करून घेतले. तो निभावला, पण मधले सहा आठवडे त्याने आणि त्या प्रयोगशाळेने ज्या अनिश्चिततेत काढले, ती भारतात बसून टाळता आली असती. म्हणून माझा आग्रह असतो, की गुणांनी काम भागत असले तरी पदवीची समकक्षता आधीच निश्चित करून घ्यावी, कारण आत जाताना गुण चालतात, टिकताना पदवी विचारली जाते.

तुमची अॅनाबिनची नोंद पूर्ण जुळली, तर खालचा गुणांचा हिशोब तुम्हाला लागणार नाही. तरी तो करून ठेवा, कारण नोंद अर्धवट निघाली तर तोच आधार आहे. वय ३५च्या आत असल्याबद्दल दोन गुण. मेकॅनिकल अभियंते जर्मनीत टंचाईच्या व्यवसायांत मोडतात, त्याचा एक गुण. गेल्या पाच वर्षांत पदवीशी संबंधित किमान दोन वर्षांचा अनुभव असल्यास दोन गुण. इथे पाच झाले आणि सहावा गुण तुम्ही जर्मन ए२ करून किंवा इंग्रजी सी१ दाखवून मिळवू शकता. आयईएलटीएसमध्ये ७ किंवा त्याहून अधिक आले तर ते सी१ धरले जाते.

यात एक सैल जागा आहे आणि ती तुमच्या अप्रेंटिसशिपच्या वर्षाची आहे. अनुभव हा पदवी मिळाल्यानंतरचा आणि त्या व्यवसायातला असावा लागतो. अप्रेंटिसशिपचा करार हा प्रशिक्षणाचा करार असतो, त्यात पगाराऐवजी विद्यावेतन लिहिलेले असते, आणि फाइल पाहणारा अधिकारी त्याला प्रशिक्षण समजेल की नोकरी, हे कागदावरच्या शब्दांवर अवलंबून राहते. माझ्याकडच्या फायलींत मी असे वर्ष हिशोबात धरत नाही. ते जोडते, पण गुण त्याच्यावर उभे करत नाही. म्हणजे तुमचा अनुभव नियमित नेमणूकपत्राच्या तारखेपासून मोजायचा. तुमच्या सांगण्यावरून ती दोन वर्षे आता भरत आली आहेत. ती खरोखर भरेपर्यंत अर्ज करू नका. ती न धरता हिशोब केला तर तुमच्याकडे तीनच गुण उरतात आणि मग जर्मन बी१चे दोन आणि इंग्रजी सी१चा एक असे तीन मिळवावे लागतील. यातूनच दिसते, की भाषेवर घातलेले सहा-आठ महिने वाया जात नाहीत, हिशोब कसाही फिरला तरी ते उपयोगी पडतात.

अनुभवाचे कागद कसे असावेत, तेही सांगते. नुसते अनुभवप्रमाणपत्र, ज्यात फक्त पद आणि तारखा असतात, ते अपुरे पडते. नेमणूकपत्र, नियमित झाल्याचे पत्र, पगाराच्या पावत्या आणि ज्यात तुमच्या कामाचे वर्णन आहे असे एक पत्र, असा संच हवा. तुमच्या पत्रात फिक्स्चर डिझाइन, पीपीएपीची कागदपत्रे, ८डी अहवाल, पुरवठादारांचे ऑडिट, जे काही खरोखर केले असेल ते नावानिशी यावे. चाकण-रांजणगावच्या मनुष्यबळ विभागाला असे पत्र लिहायची सवय नसते, म्हणून मसुदा तुम्हीच तयार करून द्या आणि राजीनाम्याच्या धामधुमीत न मागता आत्ता, संबंध चांगले असताना मागा. हेच पत्र पुढे जर्मन कंपन्याही वाचतात, कारण तिथे नोकरी सोडताना कामाचे सविस्तर प्रशस्तिपत्र देण्याची रीत आहे आणि ते नसले की शंका येते.

आता पैशांचा आणि कामाच्या मर्यादेचा प्रश्न, ज्याबाबत सर्वांत जास्त गैरसमज आहेत. २०२५ पासून चान्सेनकार्टेसाठी दरमहा १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो दाखवावे लागतात. ही रक्कम विद्यार्थ्यांच्या व्हिसापेक्षा जास्त आहे, म्हणून एखाद्या मैत्रिणीने एम.एस.ला जाताना भरलेला आकडा धरून चालू नका, आणि अर्जाच्या दिवशी चालू आकडा वाणिज्य दूतावासाच्या पानावर पाहून घ्या. वडिलांच्या खात्यातले पैसे किंवा मुदत ठेवीची पावती दाखवून भागत नाही. नेहमीचा मार्ग म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट, ज्यात पैसे आधी भरायचे आणि तिथे गेल्यावर दर महिन्याला ठरलेला हप्ता मिळतो. रुपयांत ही रक्कम तेरा लाखांच्या पुढे जाते. एका आर्थिक वर्षात दहा लाखांच्या वर परदेशी पाठवलेल्या रकमेवर बँक टीसीएस कापून घेते. तो आयकर विवरणपत्रात परत मागता येतो, पण तोपर्यंत पैसे अडकतात. म्हणून बँकेच्या शाखेत आधी विचारून, शक्य असल्यास रक्कम मार्च आणि एप्रिल अशी दोन आर्थिक वर्षांत विभागून पाठवा. जर्मनीतला नातेवाईक तिथल्या कार्यालयात हमीपत्र करून देत असेल तर तोही मार्ग आहे, पण ती खरी कायदेशीर जबाबदारी असते आणि ती केवळ ओळखीवर मागू नये.

कार्डावर आठवड्याला सरासरी २० तास काम करता येते, आणि ते कोणत्याही क्षेत्रातले असू शकते; गोदाम, बेकरी, हॉटेलचे स्वयंपाकघर, काहीही. याशिवाय कुशल नोकरीच्या दृष्टीने चाचणी म्हणून एका कंपनीत जास्तीत जास्त दोन आठवडे पूर्णवेळ काम करता येते, आणि अशा कंपन्या कितीही असू शकतात. स्वतंत्र व्यवसाय किंवा फ्रीलान्सिंगची मुभा यात नाही. चाकणच्या कंपनीचे काम तिथे बसून पूर्णवेळ चालू ठेवावे, असा विचार काही जण करतात. तोही यात बसत नाही. २० तासांची मर्यादा ओलांडली तर ते कुणाला कळणार, असेही विचारले जाते. पुढचा परवाना मागताना पगाराच्या पावत्या द्याव्या लागतात आणि त्यावर तास छापलेले असतात, एवढे उत्तर पुरेसे आहे.

खर्च निघेल का, ते आकड्यांत पाहू. जर्मनीतले किमान वेतन १ जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे. आठवड्याला २० तास धरले तर महिन्याला ढोबळ १,२०० युरो होतात आणि विम्याची वर्गणी कापून हातात त्याहून कमी येतात. लाइपझिग, केम्निट्झ किंवा कासेलसारख्या शहरांत सामायिक घरातली खोली, जेवण आणि प्रवास यात एकट्या माणसाचे भागू शकते. म्युनिक किंवा स्टुटगार्टमध्ये खोलीच निम्म्याहून अधिक रक्कम घेऊन जाते. तेव्हा उत्तर असे, की शहर नीट निवडले आणि काम लगेच मिळाले तर रोजचा खर्च बऱ्याच अंशी निघतो, परंतु काम मिळायला पहिले दोन महिने लागतील असे धरूनच चालावे. शिवाय एक बारकावा लक्षात ठेवा. महिन्याला ठरावीक मर्यादेच्या आतले छोटे काम, ज्याला तिथे मिनिजॉब म्हणतात आणि जिची मर्यादा २०२६ मध्ये ६०३ युरो आहे, ते केले तर सरकारी आरोग्य विमा लागू होत नाही आणि तुम्हाला स्वतःचा खासगी विमा चालू ठेवावा लागतो. त्याहून जास्त वेतनाचे काम असेल तर सरकारी विमा त्यातूनच मिळतो. त्यामुळे दोन मिनिजॉबच्या मागे धावण्यापेक्षा पंधरा-वीस तासांचे एकच काम बरे.

पण हे २० तास केवळ पैशासाठी आहेत असे समजून वर्ष निघून जाताना मी पाहिले आहे. संध्याकाळच्या पाळीत भांडी घासून थकलेला अभियंता सकाळी नऊला मुलाखतीची तयारी करत नाही, हे साधे सत्य आहे. काम निवडताना दिवसाचे तास मोकळे राहतील आणि सहकाऱ्यांशी जर्मन बोलावी लागेल, असे निवडा. आणि चाचणीचे दोन आठवडे ही सवलत जपून वापरा, कारण तुमच्यासारख्या उत्पादनक्षेत्रातल्या व्यक्तीला तीच सर्वांत उपयोगी आहे. बाडेन-व्युर्टेंबर्गमधल्या दोनशे माणसांच्या कुटुंबाच्या मालकीच्या कंपनीला परदेशी पदवी वाचता येत नाही, पण तुम्ही सीएमएमवर मोजमाप घेताना, ड्रॉइंगवरचे टॉलरन्स वाचताना दोन दिवसांत त्यांना तुमचा अंदाज येतो. मुलाखत बरी झाली आणि तरी समोरचा माणूस घोटाळतो आहे असे दिसले, तर तुम्हीच सुचवा, की तुमच्या कार्डावर दोन आठवड्यांचे चाचणी काम कायदेशीर आहे. बऱ्याच छोट्या कंपन्यांना ही तरतूद माहीत नसते, म्हणून कलमाचा उल्लेख असलेले सरकारी पानाचे एक जर्मन पत्रक जवळ ठेवा.

आता वेळापत्रक. बारा महिने मोठे वाटतात, पण तसे नाहीत. पहिला महिना पत्ता नोंदवणे, बँक आणि कर क्रमांक यात जातो, आणि खोलीचा पत्ता नोंदवल्याशिवाय पुढचे फारसे हलत नाही. जर्मन कंपन्यांची भरतीची प्रक्रिया अर्जापासून करारापर्यंत दोन-तीन महिने सहज घेते. करार झाल्यावर परदेशी नागरिक कार्यालयात परवाना बदलायचा असतो, त्यासाठी भारतात परत यावे लागत नाही, पण काही शहरांत भेटीची तारीखच आठवड्यांनी मिळते. कार्ड संपण्याआधी अर्ज केलेला असेल तर निर्णय होईपर्यंत तुमचा मुक्काम कायदेशीर राहतो. मात्र तोपर्यंत जुन्याच कार्डाच्या अटी लागू असतात, म्हणजे नवी पूर्णवेळ नोकरी नवा परवाना मंजूर झाल्याशिवाय सुरू करता येत नाही. हे सगळे उलटे मोजले तर करार नवव्या, फार तर दहाव्या महिन्यात झाला पाहिजे, आणि त्यासाठी अर्ज पहिल्या महिन्यापासून नव्हे, भारतातूनच सुरू झाले पाहिजेत.

तो करार कसा हवा, हेही आधीच ठरवा. तुमची पदवी समकक्ष निघाली तर दोन परवाने समोर आहेत. ब्लू कार्डसाठी २०२६ मध्ये साधारण मर्यादा वर्षाला ५०,७०० युरो आहे, पण टंचाईच्या व्यवसायांसाठी ती ४५,९३४.२० युरो आहे. मेकॅनिकल अभियंत्याची नोकरी त्यात मोडते, त्यामुळे तुम्हाला महिन्याला सुमारे ३,८३० युरोचा करार पुरतो. नुकत्याच पदवी घेतलेल्यांनाही हीच कमी मर्यादा लागू होते, पण ती सवलत पदवीनंतर तीनच वर्षे असते आणि तुमची ती मुदत आता संपत आली आहे. म्हणून करारावर पदाचे नाव अभियंता म्हणूनच येईल, तंत्रज्ञ किंवा सहायक म्हणून नव्हे, याकडे लक्ष द्या. पगार याहून कमी असेल तर पदवीधर कुशल कामगाराचा परवाना आहे. त्याला तुमच्या वयात ठरावीक पगारमर्यादा नाही, परंतु पगार त्या भागातल्या तशाच कामाच्या पगारापेक्षा कमी नसावा आणि काम खरोखर कुशल असावे. एखाद्या गोदामाने पूर्णवेळ नोकरी देऊ केली, तर ती कितीही चांगल्या पगाराची असली तरी तुम्हाला टिकवू शकत नाही.

भाषेबाबत माझे मत ठाम आहे. कार्डासाठी तुमचे ए१ किंवा इंग्रजी पुरेल, नोकरीसाठी पुरणार नाही. बर्लिनच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत इंग्रजीवर भागते. पण कारखान्याच्या मजल्यावर, जिथे ऑपरेटर आणि फोरमनशी बोलायचे असते, तिथे बी१ ही किमान आणि बी२ ही सोयीची पातळी आहे. पुणे-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात किंवा अन्य मान्य केंद्रात परीक्षा देता येतात. वर्ग कुठेही करा, प्रमाणपत्र मात्र गोएथे, टेल्क, ओएसडी अशा मान्य परीक्षेचेच असावे. माझा सल्ला आहे, की बी१ होईपर्यंत विमानाचे तिकीट काढू नका. तिथे जाऊन शिकू, हा विचार मनाला पटतो खरा, पण तेव्हा तुम्ही कार्डाचे महिने शिकण्यात खर्च करत असता.

अर्जाची पायरी आता सोपी झाली आहे. तो जर्मन परराष्ट्र खात्याच्या कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो आणि महाराष्ट्र-गोव्याच्या रहिवाशांसाठी मुंबईचे वाणिज्य दूतावास कार्यालय आहे. शुल्क ७५ युरो. कागद अपुरे असतील तर बहुधा त्यांच्याकडून विचारणा होते, तेव्हा पोर्टलवरचे संदेश रोज पाहा. १ जुलै २०२५ पासून नकाराविरुद्ध तिथेच फेरविचाराचा अर्ज करण्याची जुनी पद्धत बंद झाली आहे. आता नव्याने अर्ज करणे किंवा बर्लिनच्या न्यायालयात जाणे एवढेच उरते. म्हणून पहिलीच फाइल नीट जावी. मला सर्वांत जास्त खटकणाऱ्या फायली म्हणजे ज्यांत प्रेरणापत्र दुसऱ्याने लिहिलेले असते. त्यात तुम्ही कोणत्या प्रकारच्या कंपन्यांत, कोणत्या भागात, कोणत्या पदासाठी शोधणार आहात आणि त्यासाठी आतापर्यंत काय केले, हे तुमच्याच तपशिलांनी यावे. पाच-सहा खऱ्या जाहिराती जोडल्या तर ते पत्र ठोस होते. जो एजंट कार्डाची आणि नोकरीची हमी एकत्र देतो, त्याच्याकडून उठून या, कारण या दोन्ही गोष्टी देणे त्याच्या हातात नाही.

राहिला राजीनामा. पुढच्या सहा-सात महिन्यांत, नोकरी करतानाच, अॅनाबिनची नोंद, गरज पडल्यास मूल्यांकन, अनुभवाची पत्रे आणि बी१ ही कामे उरका आणि त्याच काळात जर्मन रोजगार खात्याच्या संकेतस्थळावरून आणि स्टेपस्टोन या नोकऱ्यांच्या संकेतस्थळावरून थेट अर्ज करत राहा. यातून एखादी मुलाखत व्हिडिओवर यशस्वी झाली, तर चान्सेनकार्टेची गरजच नाही. भारतातूनच ब्लू कार्डसाठी अर्ज करता येईल आणि तेरा लाख अडकणार नाहीत. तसे झाले नाही तर कार्डाचा अर्ज करा आणि त्यात प्रवासाची तारीख तुमच्या नोटीसच्या मुदतीनंतरची मागा. चाकणच्या कंपन्यांत ती एक ते तीन महिने असते, तेव्हा नेमणूकपत्र काढून नेमका आकडा पाहा. राजीनामा व्हिसा पासपोर्टवर आल्यावरच द्या, आणि देताना रिलीव्हिंग लेटर व शेवटची पगारपावती निघण्याआधी बाहेर पडू नका. जर्मनीत परवाना बदलताना ही दोन कागदे मागितली, तर तिथून ती मिळवणे फार जड जाते.